सोडवलेले उदाहरण: अणुवीज केंद्राला रोज लागणारे इंधन

उदाहरण. पालघर जिल्ह्यातील तारापूर अणुवीज केंद्राच्या तिसऱ्या संचाची विद्युत क्षमता ५४० मेगावॅट आहे. हा संच २४ तास पूर्ण क्षमतेने चालला, त्याची एकूण कार्यक्षमता ३० टक्के आहे आणि सगळी उष्णता युरेनियम-२३५ च्या विखंडनातूनच मिळते, असे माना. दर विखंडनाला २०० मेगाइलेक्ट्रॉन व्होल्ट ऊर्जा मिळत असेल, तर (अ) एका दिवसात किती युरेनियम-२३५ खर्च होईल? (आ) त्यापैकी किती वस्तुमानाचे ऊर्जेत रूपांतर होईल?

(१ मेगाइलेक्ट्रॉन व्होल्ट = १.६ × १०⁻¹³ जूल; अ‍ॅव्होगॅड्रो अंक = ६.०२ × १०²³)

उकल. (अ) ५४० मेगावॅट ही जनित्रातून बाहेर पडणारी विद्युत शक्ती आहे. भट्टीत निर्माण होणारी औष्णिक शक्ती तिच्याहून मोठी असली पाहिजे, कारण ७० टक्के उष्णता वीज न होता बाहेर, मुख्यतः शीतनाच्या पाण्यात, निघून जाते. म्हणून येथे कार्यक्षमतेने भागायचे असते. घाईत गुणाकार केला, तर औष्णिक शक्ती अवघी १६२ मेगावॅट येते, आणि भट्टीतील उष्णतेपेक्षा वीज जास्त हे अशक्य असल्याने चूक तेथेच लक्षात यावी.

औष्णिक शक्ती = ५४० ÷ ०.३० = १८०० मेगावॅट = १.८ × १०⁹ जूल प्रतिसेकंद

एका दिवसात ८६,४०० सेकंद असतात.

दिवसाची उष्णता = १.८ × १०⁹ × ८६४०० = १.५५५ × १०¹⁴ जूल

एका विखंडनाची ऊर्जा = २०० × १.६ × १०⁻¹³ = ३.२ × १०⁻¹¹ जूल

विखंडनांची संख्या = (१.५५५ × १०¹⁴) ÷ (३.२ × १०⁻¹¹) = ४.८६ × १०²⁴

दर विखंडनात एकच युरेनियम अणुकेंद्रक दुभंगते; त्याला धडकणारा न्यूट्रॉन इंधनात मोजत नाहीत. २३५ ग्रॅम युरेनियम-२३५ मध्ये ६.०२ × १०²³ अणू असल्याने,

वस्तुमान = (४.८६ × १०²⁴ × २३५) ÷ (६.०२ × १०²³) ≈ १९०० ग्रॅम

म्हणजे दिवसाला सुमारे १.९ किलोग्रॅम युरेनियम-२३५ खर्च होते.

(आ) हे १.९ किलोग्रॅम नाहीसे होत नाही. त्याचा बहुतेक भाग विखंडनातून तयार झालेल्या हलक्या अणुकेंद्रकांच्या रूपाने इंधनकांड्यांतच राहतो. ऊर्जेत रूपांतर होते ते फक्त E = mc² नुसार येणाऱ्या वस्तुमानाचे.

m = (१.५५५ × १०¹⁴) ÷ (३ × १०⁸)² = १.७३ × १०⁻³ किलोग्रॅम

म्हणजे सुमारे १.७ ग्रॅम, खर्च झालेल्या इंधनाच्या हजारातला जेमतेम एक भाग.

टीप. हा संच जड पाण्याचा असून त्यात नैसर्गिक युरेनियम वापरले जाते आणि त्यात युरेनियम-२३५ फक्त ०.७ टक्के असते. त्यामुळे १.९ किलोग्रॅम युरेनियम-२३५ ज्यात आहे ते नैसर्गिक युरेनियम सुमारे २७० किलोग्रॅम भरते. प्रत्यक्षात मात्र सगळे युरेनियम-२३५ दुभंगण्याआधीच इंधन बाहेर काढावे लागते, आणि युरेनियम-२३८ पासून भट्टीतच तयार होणारे प्लुटोनियम-२३९ उष्णतेचा मोठा वाटा उचलते. वरच्या गृहीतकाने ते जाणूनबुजून बाजूला ठेवले आहे.