घर पाहिल्यानंतरचा अभिप्राय

शनिवारी पाहिलेली घरं
पहिलं: तिसऱ्या मजल्यावरचा दोन बेडरूमचा फ्लॅट, सकाळी 11 वाजता
दुसरं: तळमजल्यावरचं, मागे छोटं अंगण असलेलं घर, दुपारी 4 वाजता

नमस्कार,
शनिवारचा दिवस काढून दोन्ही घरं नीट पाहिलीत, त्याबद्दल मनापासून आभार. फॉर्म भरायला दहा-पंधरा मिनिटं पुरतील. ‘छान आहे, कळवतो’ एवढ्यावरून तुमच्यासाठी पुढचं घर शोधता येत नाही. काय खटकलं ते समजलं की शोध सोपा होतो, म्हणून ते लिहिताना संकोच करू नका.

घर पाहायला जे जे आले होते, त्या प्रत्येकाने वेगळा फॉर्म भरावा, तोही एकमेकांशी बोलण्याआधी. आईंना जिन्याची काळजी वाटली असेल आणि बाकीच्यांच्या ते लक्षातही आलं नसेल, तर मला ते समजायलाच हवं. पर्याय दिले आहेत तिथे आपल्या उत्तराला गोल करा. बाकी उत्तरं मागच्या कोऱ्या बाजूला प्रश्नाचा क्रमांक घालून लिहा.

दोन्ही घरांसाठी

1. आत पाऊल टाकल्यावर पहिल्यांदा मनात काय आलं? विचार करून लिहू नका, आठवेल ते लिहा.

2. दोनपैकी कोणतं घर पुन्हा पाहायला आवडेल?
पहिलं / दुसरं / दोन्ही / एकही नाही

3. खोल्या फोटोंवरून वाटल्या होत्या तशाच निघाल्या का?
तशाच / लहान वाटल्या / मोठ्या वाटल्या
रिकामी खोली आणि सामान भरलेली खोली यांचा अंदाज चुकतो. तुमचा पलंग, कपाट, जेवणाचं टेबल कुठे बसेल याची शंका असेल तर लिहा. पुढच्या वेळी टेप घेऊन येईन, आपण मोजून पाहू.

4. स्वयंपाकघर, बाथरूम, कपडे वाळवायची जागा: यांपैकी रोजच्या वापराला कोणती अडचणीची वाटली, आणि का?

फ्लॅटबद्दल

5. बैठकीची खोली पश्चिमेकडे आहे. आपण सकाळी गेलो, त्यामुळे दुपारनंतरचं ऊन तुम्ही पाहिलेलं नाही. ते थेट आत येतं आणि खोली तापते. हे चालेल का?
चालेल / पडदे लावून चालेल / चालणार नाही / संध्याकाळी पुन्हा पाहून ठरवू

6. रस्त्याचा आवाज जाणवला का? शनिवारी वाहनं कमी होती. तुमची झोप सावध असेल तर कामाच्या दिवशी रात्री एकदा त्या बेडरूममध्ये खिडकी उघडून उभं राहा, मी वेळ ठरवून देतो.

7. लिफ्ट बंद पडली तर तीन मजले चढणं घरातल्या सगळ्यांना जमेल का?

तळमजल्याच्या घराबद्दल

8. मागच्या खोलीच्या एका भिंतीला नवा रंग दिसला असेल. तिथे ओल आली होती, मालकांनी दुरुस्ती करून रंग दिला आहे. ओल वरच्या पाइपमधून आली की जमिनीतून चढली, यावर पुढचा खर्च अवलंबून असतो, आणि नुसत्या रंगाने ती थांबत नाही. हे कळल्यावर घराबद्दलचं मत बदललं का? तज्ज्ञाकडून तपासणी करून हवी असेल तर लिहा. व्यवहार पुढे नेण्याआधी ती करून घ्यावी असं माझं स्पष्ट मत आहे.

9. अंगण तुम्हाला खरंच वापरायचं आहे, की असलं तर बरं? याच्या उत्तरावर माझी पुढची यादी बरीच बदलेल.

10. खिडक्यांतून जाणाऱ्या-येणाऱ्यांना घरातलं दिसतं, याचा त्रास वाटला का?

नापसंतीबद्दल थोडं सविस्तर

11. जे आवडलं नाही त्याची दोन गटांत विभागणी करा. पहिल्या गटात पैसे खर्चून बदलता येईल ते: रंग, फरशी, ओटा, नळ, वायरिंग. दुसऱ्या गटात काही केलं तरी बदलणार नाही ते: दिशा, मजला, उजेड, शेजार, कामावर जायचं अंतर. माझा भर दुसऱ्या गटावर असेल. जुनाट फरशीमुळे चांगलं घर हातचं जातं, आणि नव्या रंगाला भुलून अंधारं घर घेतलं जातं. दोन्ही टाळायचं आहे.

12. किंमत कशी वाटली?
योग्य / थोडी जास्त / फारच जास्त
जास्त वाटली असेल तर कशाच्या तुलनेत, तेही लिहा.

13. दोन्ही घरं पाहिल्यावर तुमच्या अटींमध्ये काही बदल झाला का? आधी हवीच वाटणारी एखादी गोष्ट आता नसली तरी चालेल का?

तुमच्या उत्तरांचं मी काय करणार

घराच्या स्थितीबद्दल आणि किमतीबद्दल तुम्ही लिहिलेलं मी नाव न सांगता मालकांच्या कानावर घालीन. तुमचं कमाल बजेट, कर्जाची स्थिती, घर किती तातडीने हवं आहे, यातलं काहीही त्यांना सांगणार नाही. मालकांपर्यंत जाऊ नये असं आणखी काही असेल तर त्या उत्तरापुढे ‘खासगी’ लिहा.

भरलेले फॉर्म बुधवारी संध्याकाळपर्यंत द्या, फोटो काढून पाठवलेत तरी चालेल. गुरुवारी फोन करून तुमच्याशी सगळ्या उत्तरांवर बोलेन आणि त्यानंतरच शनिवारसाठी घरं निवडेन.

तुमचा एजंट