लाभांश आणि बोनस शेअर न मिळाल्याबाबत तक्रार

दिनांक : १० फेब्रुवारी २०२५

प्रति,
गुंतवणूकदार तक्रार निवारण अधिकारी,
कंपनीचे नोंदणीकृत कार्यालय, मुंबई

विषय : वर्ष २०२३-२४ चा अंतिम लाभांश आणि १:१ प्रमाणातील बोनस शेअर जमा न झाल्याबाबत

महोदय,

मी आपल्या कंपनीची भागधारक असून माझ्या डीमॅट खात्यात कंपनीचे १,२०० शेअर आहेत. पूर्वी हे शेअर माझ्या दिवंगत पतींच्या नावावर होते. मे २०२४ मध्ये ते वारसाहक्काने माझ्या खात्यात आले आणि त्याच वेळी माझ्या बँक खात्याचा तपशीलही डीमॅट खात्याला जोडला गेला.

२ ऑगस्ट २०२४ च्या वार्षिक सर्वसाधारण सभेत प्रति शेअर ८ रुपये अंतिम लाभांश मंजूर झाला. २६ जुलै या नोंद दिनांकास शेअर माझ्याच नावावर होते. त्यामुळे ९,६०० रुपयांतून करकपात वजा जाता ८,६४० रुपये माझ्या खात्यात यायला हवे होते, ते अद्याप आलेले नाहीत. विशेष म्हणजे माझ्या पॅनवर कापलेले ९६० रुपये फॉर्म २६एएसमध्ये दिसतात, म्हणजे लाभांश मला देय आहे हे कंपनीने स्वतःच प्राप्तिकर खात्याला कळवले आहे. आरटीएच्या कार्यालयाने दूरध्वनीवर सांगितले की रक्कम "जुन्या खात्यावर" पाठवली गेली. ते माझ्या पतींचे खाते त्यांच्या निधनानंतर बंद झाले आहे. मग परत आलेली रक्कम कोठे आहे, याचे उत्तर मला मिळालेले नाही.

बोनस शेअरची बाब मला याहून गंभीर वाटते. १८ ऑक्टोबर २०२४ या नोंद दिनांकास माझ्या खात्यात १,२०० शेअर होते, परंतु ३१ जानेवारी २०२५ च्या विवरणपत्रातही तेवढेच आहेत. बोनसनंतर बाजारभाव त्याच प्रमाणात खाली आला असल्याने, उरलेले १,२०० शेअर मिळेपर्यंत माझी गुंतवणूक निम्मीच राहिली आहे, आणि मला गरज पडली तरी ते विकता येत नाहीत.

कंपनी कायदा २०१३ च्या कलम १२७ नुसार घोषित लाभांश ३० दिवसांत देणे बंधनकारक आहे. तरी लाभांशाची रक्कम माझ्या सध्याच्या बँक खात्यात जमा करावी आणि विलंब कंपनीच्या चुकीमुळे झाला असल्यास त्यावर कलमात सांगितलेले १८ टक्के दराचे व्याज द्यावे. बोनस शेअर कोणत्याही सस्पेन्स खात्यात ठेवले असल्यास ते कोणत्या कारणाने ठेवले हे लेखी कळवून माझ्या डीमॅट खात्यात वर्ग करावेत. माझे शेअर वा लाभांश पुढे गुंतवणूकदार शिक्षण व संरक्षण निधीकडे जाण्याची वेळ येऊ नये, म्हणून आताच ही नोंद दुरुस्त होणे मला आवश्यक वाटते.

या पत्रापासून २१ दिवसांत समाधानकारक उत्तर न आल्यास मला सेबीच्या 'स्कोअर्स' प्रणालीवर तक्रार नोंदवावी लागेल.

सोबत दोन्ही नोंद दिनांकांची डीमॅट विवरणपत्रे, फॉर्म २६एएसची प्रत, बँक विवरणपत्र आणि रद्द केलेला धनादेश जोडला आहे.

आपली विश्वासू,
मालती शं. देवस्थळी
सातारा