माधुरीताई, तुमच्या त्या तेवीस पानांबद्दल

१८ जून २०२५

प्रिय माधुरीताई,

नाशिकला घर लागलं का नीट? फोन करणार होते, पण जे सांगायचंय ते फोनवर अर्धवटच राहिलं असतं. म्हणून मेल लिहितेय.

परवा फॉर्म १६ वाटून झाले. मार्चअखेर तुम्ही गेलात तेव्हापासून पगार दोनदा झाला, पीएफ आणि ईएसआय दोनदा भरले, शेवटच्या तिमाहीचं २४क्यू ३१ मेच्या आत गेलं. एकही दिवस उशीर नाही, एकाही कामगाराचा पगार अडकला नाही. साहेबांनी कौतुक केलं तेव्हा मी आणि सचिनने एकदमच सांगितलं, हे माधुरीताईंच्या नोट्समुळे.

मे महिन्यातली एक गोष्ट तुम्हाला कळायलाच हवी. करारातली पगारवाढ १ मेपासून लागू झाली आणि सतरा जणांचा पगार २१ हजारांच्या वर गेला. मर्यादा ओलांडली म्हणजे ईएसआय बंद, असं धरून मी त्यांची कपात काढूनही टाकली होती. शीट पुढे पाठवण्याआधी सवयीने तुमचं पान उघडलं. तिथे लिहिलं होतं: ‘मध्येच पगार वाढला तरी कपात थांबवायची नाही. एप्रिल ते सप्टेंबर हा एक कालावधी, ऑक्टोबर ते मार्च दुसरा. तो संपेपर्यंत पूर्ण पगारावर वर्गणी चालू ठेवायची. थांबवली तर माणसाच्या उपचारांवर गदा येते.’ त्या सतरा जणांत पेंट शॉपमधले एक काका आहेत. त्यांच्या बायकोचे उपचार ईएसआयच्या दवाखान्यातच चालू आहेत. ते पान नसतं तर माझ्या हातून काय झालं असतं, हे आठवलं की अजून पोटात गोळा येतो.

तुमच्या नोट्समध्ये प्रत्येक कामापुढे ‘का’ लिहिलेलं आहे, ते मला सगळ्यात मोलाचं वाटतं. फेब्रुवारीत व्यवसाय कर २०० ऐवजी ३०० का कापायचा, तर वर्षाचे २५०० पूर्ण व्हायला. बायकांना २५ हजारांपर्यंत हा कर नाही, म्हणून ओव्हरटाइम धरून त्यांचा त्या महिन्याचा एकूण पगार दर वेळी नव्याने बघायचा, मागच्या महिन्याची शीट कॉपी करायची नाही. तिसऱ्या पाळीचा आउट पंच दुसऱ्या तारखेला पडतो, तो आदल्या दिवसाच्या हजेरीत धरायचा. ही एक ओळ नसती तर एप्रिलमध्ये साठ-सत्तर जण गैरहजर दिसले असते आणि सकाळी सातला गेटवर आम्हाला उत्तरं द्यावी लागली असती.

ईसीआरची फाइल पहिल्यांदा नाकारली गेली तेव्हा सचिन दोन तास आकडे तपासत बसला होता. तुम्ही लिहूनच ठेवलं होतं की आधी दोन रकान्यांच्या मधली `#~#` ही खूण बघा, कुणीतरी एक्सेलमध्ये हात लावला की तीच बिघडते. पाच मिनिटांत फाइल चढली. आणि आधारवरचं नाव न जुळणाऱ्या अकरा जणांची यादी, कुणाचे कागद आलेत, कुणाच्या मागे लागायचंय, हेही तारखांसकट! त्यातल्या नऊ जणांचं काम झालं, दोघांचे कागद या आठवड्यात येतील.

दोन वर्षांपूर्वी स्टोअर्समधले एक जण गेले तेव्हा सहा आठवडे नुसती शोधाशोध चालली होती, तुम्हीही होतातच तेव्हा. पगाराच्या कामात सहा आठवडे कोण देणार? प्रत्येक महिन्याला सात तारीख आणि पंधरा तारीख येतेच.

एक गोष्ट मनात राहिलीय, तीही सांगते. नोटीसच्या काळात तुम्ही रोज संध्याकाळी थांबून टाइप करत बसायचात. मला तेव्हा वाटायचं, ताई आमच्याशी चार गप्पा मारायच्या सोडून हे काय करताहेत. तो वेळ तुम्ही आमच्यासाठीच घालवत होतात, हे मला एप्रिलमध्ये कळलं. घरी सासऱ्यांचं आजारपण, सामानाची बांधाबांध, आणि तरी तुम्ही प्रत्येक स्क्रीनचा फोटो लावलात. माफ करा, आणि मनापासून आभार.

या महिन्यात कामगार कल्याण निधीची कपात आहे. ते पान काल वाचून ठेवलं. तुमच्या फाइलला आम्ही चोविसावं पान जोडलंय, मेमधल्या पगारवाढीचं, तुमच्याच पद्धतीने ‘का’ लिहून. सोबत पाठवतेय. वाचून काही चुकलं असेल तर सांगा.

सचिन, रेखाताई आणि गेटवरचे जाधवकाका, सगळ्यांनी नमस्कार सांगितलाय. सासऱ्यांची तब्येत कळवा.

तुमची,
स्नेहल