आबांच्या ऐंशीव्या वाढदिवसाला: त्यांच्याच डायरीतून

आबा, आजी, आत्या, काका-काकू, आणि गोंदिया, छिंदवाडा, नैनपूरहून आवर्जून आलेली आबांची रेल्वेतली जुनी मंडळी,

सगळ्यांच्या हाती संत्र्याचा रस पोहोचला असेल. जरा वेळ तो तसाच धरून ठेवा. त्याआधी मला आबांनीच लिहिलेलं थोडं वाचून दाखवायचं आहे.

दिवाळीनंतर एका दुपारी आपल्या घरच्या ग्रुपवर आबांकडून फोटो यायला लागले. सोबत एक शब्द नाही, नुसते पिवळ्या पानांचे फोटो. ट्रंकेला वाळवी लागली होती आणि डायरी वाचवायची म्हणून ते एकेक पान खिडकीपाशी धरून फोटो काढत होते. बहुतेक फोटोंत खालच्या कोपऱ्यात त्यांचा अंगठा आलाय. पान उडू नये म्हणून दाबून धरलेला, नखाला चुना लागलेला, सुरकुतलेला अंगठा, आणि त्याच्या शेजारी विशीतल्या पोराचं निळ्या शाईतलं तिरकं अक्षर. मी पहिल्या दिवशी वाचलं काहीच नाही, नुसती बघत बसले.

डायरी 1966 ते 1974 ची. रोज लिहिलेली नाही, मनात आलं तेव्हा लिहिलेली. आबा तेव्हा नैनपूरला नॅरो गेजवर बुकिंग क्लार्क होते. खात्याची परीक्षा द्यायची तर रोज चार ओळी इंग्रजीत लिहीत जा, असं तिथल्या मोठ्या बाबूंनी सांगितलं होतं, म्हणून सगळी डायरी इंग्रजीत. मी ती मराठीत आणली आणि प्रत्येक पान आबांना वाचून दाखवलं. त्यांची एकच सूचना होती: "गोड करू नको. मी जेवढं लिहिलं तेवढंच ठेव." मधल्या काही पानांचे फोटो त्यांनी पाठवलेच नाहीत. ती पानं त्यांची आहेत, मी विचारलंही नाही.

पहिली नोंद ऐका, 1967 च्या हिवाळ्यातली:

"गार्डसाहेबांनी आईचा डबा आणून दिला. सांबारवडी. गोंदियाला गाडी बदलताना डबा त्यांनी मांडीवर घेतला होता म्हणे. मी आग्रह केला, त्यांनी एकही वडी घेतली नाही. रात्री ड्यूटीवरच्या पोर्टरला दोन दिल्या."

आणखी एक:

"ताप. मेसमधले महाराज रात्रभर बसून होते. सकाळी त्यांनीच चहा केला आणि स्वयंपाकाला लागले. त्यांची झोप मी कशी परत करणार?"

पूर्ण डायरी अशीच आहे. वीस-बावीस वर्षांचा मुलगा, घरापासून इतका लांब, सातपुड्याच्या जंगलातलं स्टेशन. मला वाटलं होतं की एकटेपणा असेल, साहेबांचा राग असेल, पगाराची रड असेल. ते जवळपास नाहीच. कोणी काय दिलं, कोणी काय केलं, एवढंच लिहिलंय. लोक उधारीची वही ठेवतात तशी आबांनी उपकारांची ठेवली होती.

आता आजी, तुझं पान. आजी, मान खाली घालू नको. 1970:

"महालात मुलगी बघायला गेलो. पोहे झाले. मोठ्यांनी मला विचारलं, तिला काही विचारायचंय का. मी नाही म्हणालो. मग तिनेच विचारलं, नैनपूरला वाचायला काही मिळतं का? मी हो म्हणालो. मिळत नाही. आता सोय करावी लागेल."

आणि सोय केली! पुढच्याच महिन्यातली नोंद आहे की 'स्त्री' आणि 'किर्लोस्कर' नागपूरहून दर महिन्याला गार्डच्या हाती मागवायचं ठरलं. आजी म्हणते, "मला तर बाप्पा वाटलं, तिथं सगळ्यांकडेच येतात." पंचावन्न वर्षांनी तिला कळलं की ते अंक तिच्या एका प्रश्नासाठी यायचे.

आता थोडं जड पान. मे 1974. आबांची बदली इतवारीला झाली होती, मोतीबागेकडे क्वार्टर होतं, बाबा दोन वर्षांचे होते. 8 मेला देशभरातला रेल्वेचा संप सुरू झाला आणि आबा संपात होते. आम्ही हे पुस्तकात वाचलं, सतरा लाखांच्या आसपास कामगार, हजारो अटकेत. आपल्या घरात ते कसं होतं, ते या पानावर आहे:

"क्वार्टर खाली करण्याची नोटीस दारावर. ऊन इतकं की बाळ दिवसभर रडतं. गवळी आला. त्याला सांगितलं, उद्यापासून दूध नको, पैसे नाहीत. त्याने काही न बोलता रोजच्यापेक्षा जास्त माप ओतलं. म्हणाला, बाबूजी, संप तुमचा आहे, लेकराचा नाही."

27 मेला संप मागे घेतला गेला. त्या दिवशीची नोंद एका ओळीची: "गवळ्याचा हिशोब पहिला."

बाबा, काका, आता कळलं ना? घर बदललं, पिशवीतलं दूध आलं, दारात डेअरी झाली, तरी आपल्याकडे दूध त्याच घरचं का येतं? आपण किती वाद घातला आबांशी! पाणी घालतात म्हणालो, महाग पडतं म्हणालो. आबा ऐकून घ्यायचे आणि सकाळी पातेलं बाहेर ठेवायचे. त्या गवळीबाबांचा नातू आज इथे आहे, मागे उभा आहे. दादा, पुढे या, आबांच्या शेजारी बसा.

एक पान मी मुद्दाम शेवटी ठेवलंय. ते सगळ्यात जुनं, आणि तारीख आजचीच, 12 जानेवारी, साल 1966:

"आज वीस पूर्ण. कोणाला सांगितलं नाही. मेसमध्ये सगळे रेडिओभोवती. दिल्लीत शास्त्रीजींवर अंत्यसंस्कार. महाराजांनी विचारलं, सोमवारी रात्री चूल बंद ठेवा म्हणणारेच गेले, आता पेटवायची का? कोणी बोललं नाही. मी माझ्यापुरती बंदच ठेवणार आहे."

1965 च्या युद्धाच्या वेळी, धान्याची टंचाई असताना, शास्त्रीजींनी आठवड्यातून एक वेळ जेवण सोडा असं सांगितलं होतं, ते हे. आम्ही सगळी नातवंडं समजत होतो की आबांचा सोमवार महादेवाचा आहे. आत्याने तर त्यांच्यासाठी साबुदाणा भिजवलाय कितीदा, आणि त्यांनी तो मुकाट्याने आम्हाला वाटून टाकलाय. साठ वर्षं, आबा! आणि एकदाही कोणाला शिकवलं नाही की तुम्हीही करा.

आज सोमवार आहे. हॉल संध्याकाळचा मिळत होता, तरी आजी दुपारच्या जेवणावर अडून बसली होती. कारण तिने सांगितलं नव्हतं.

आबा, मघाशी तुम्हाला ऐंशी दिव्यांनी ओवाळलं तेव्हा तुम्ही हळूच विचारत होतात, आचाऱ्यांचं जेवण झालं का, ड्रायव्हर लोकांना बसवलं का. मला तेव्हा मेसमधले महाराज आठवले.

चला, आता सगळ्यांनी ग्लास वर करा. डबा मांडीवर आणणाऱ्या गार्डसाहेबांसाठी, रात्रभर जागलेल्या महाराजांसाठी, जास्त माप ओतणाऱ्या गवळीबाबांसाठी, आणि त्यांतलं एकही नाव न विसरलेल्या आपल्या आबांसाठी.

आबा, उदंड आयुष्य लाभो! आणि वडाभात गरम आहे, पोटभर जेवून घ्या. रात्री तुमचं पान मांडलेलं नाही.