ग्रीन सँड प्लांट: ड्रॉइंग, डिस्पॅच आणि कमिशनिंगनुसार पेमेंटचा प्रस्ताव

शिरोली एमआयडीसी, कोल्हापूर
10 फेब्रुवारी 2026

आदरणीय अण्णा,
सप्रेम नमस्कार.

कागल पंचतारांकित एमआयडीसीतल्या आपल्या नव्या फौंड्रीसाठी ताशी 10 टनांच्या सँड प्लांटचा पीओ मसुदा मिळाला. मशिनचा तपशील आणि ₹64,00,000 अधिक 18% जीएसटी ही किंमत मान्य आहे. अडचण फक्त पेमेंटच्या अटीची आहे. ऑर्डरसोबत 20% आणि उरलेले 80% कमिशनिंगनंतर 90 दिवसांनी, असं त्यात आहे. मिक्सरच्या प्लेटा, गिअरबॉक्स, मोटारी, बेल्ट हे सगळं आम्हाला रोखीने उचलावं लागतं. शिवाय आमचा उद्योग उद्यम नोंदणीतला लघुउद्योग आहे. एमएसएमई कायद्याप्रमाणे लेखी करारातसुद्धा माल स्वीकारल्यापासून 45 दिवसांपलीकडची मुदत चालत नाही. म्हणून ही पर्यायी मांडणी.

ऑर्डरसोबत आम्हाला काहीच नको. पहिला हप्ता 30%, म्हणजे ₹19,20,000, आपण ड्रॉइंग मंजूर केल्यावर. जनरल अरेंजमेंट, फाउंडेशन आणि पॅनेलची ड्रॉइंग 20 फेब्रुवारीला आपल्या टेबलावर असतील. सात दिवसांत सही किंवा लेखी दुरुस्त्या मिळाव्यात. हॉपरची उंची, एलिव्हेटरची जागा, मोल्डिंग लाइनकडे जाणारा बेल्ट, हे सगळं कागदावर पाहूनच आपले पैसे सुटतील. या रकमेइतकी बँक गॅरंटी आम्ही देऊ, ती डिस्पॅचपर्यंत चालू राहील. मंजुरीनंतर काही बदल सुचवलात तर त्याचा खर्च आणि वाढणारे दिवस आधी लिहून कळवू, आपला होकार आल्यावरच काम पुढे नेऊ.

दुसरा हप्ता डिस्पॅचचा. मंजुरी आणि पहिला हप्ता 27 फेब्रुवारीपर्यंत मिळाल्यास 14 आठवड्यांत, म्हणजे 5 जूनला, मृगाच्या आत गाडी भरायची आहे. त्याआधी आपल्या माणसांनी शिरोलीत येऊन मिक्सर रिकामा चालवून पाहावा, मोटारींचे अँपिअर टिपावेत, तपासणीच्या कागदावर सही करावी. त्या सहीनंतर, गाडी निघण्यापूर्वी, 50% म्हणजे ₹32,00,000 आणि संपूर्ण जीएसटी ₹11,52,000, मिळून ₹43,52,000 द्यावेत. पूर्ण टॅक्स याच वेळी मागतो, कारण मालाच्या आगाऊ रकमेवर जीएसटी लागत नाही. पण माल निघताना इन्व्हॉइस पूर्ण किमतीचं होतं आणि तो कर आम्हाला पुढच्या महिन्यात भरावाच लागतो. आपल्याला त्याचं इनपुट क्रेडिट मिळेल. मात्र इन्व्हॉइसपासून 180 दिवसांत पूर्ण पैसे दिले नाहीत तर न दिलेल्या भागाचं क्रेडिट व्याजासह परत करावं लागतं, हेही आपल्या अकाउंट्सच्या ध्यानात असावं.

शेवटचे 20%, ₹12,80,000, कमिशनिंगनंतर. हा टप्पा मी मुद्दाम नीट बांधतोय, कारण वाद इथेच होतात. सलग तीन शिफ्ट प्लांट चालेल, ताशी 10 टन वाळू देईल. दर तासाला आपल्याच सँड लॅबमध्ये नमुना तपासायचा: मॉइश्चर 3 ते 4 टक्के, कॉम्पॅक्टिबिलिटी 38 ते 42. आकडे बसले की दोघांच्या सह्यांचं प्रमाणपत्र, आणि त्यानंतर 15 दिवसांत पेमेंट. आकडे बसले नाहीत तर आमच्या खर्चाने दुरुस्ती आणि पुन्हा चाचणी. तोवर हे पैसे आम्ही मागणार नाही.

पण फाउंडेशन, वीज किंवा वाळू नसल्यामुळे चाचणी अडली, तर माल पोचल्यापासून 45 दिवसांनी हा हप्ता देय धरावा. कमिशनिंगची जबाबदारी तरीही आमच्यावरच राहील. एका ठिकाणी ट्रान्सफॉर्मर बसला नाही म्हणून आमचं तयार पॅनेल पूर्ण पावसाळाभर ताडपत्रीखाली पडून होतं आणि शेवटचा हप्ता अडकला. तशी वेळ आपल्या दोघांवरही येऊ नये.

त्यासाठी एक कळकळीची विनंती: एलिव्हेटरच्या बूटाच्या खड्ड्याचं काँक्रीट आणि वॉटरप्रूफिंग पावसाआधी करून घ्या. खड्ड्यात पाणी साचलं तर बकेटमध्ये ओली वाळू चिकटते आणि नवा प्लांट पहिल्याच आठवड्यात अडतो. काँक्रीटला 28 दिवस द्यायचे तर एप्रिलअखेर ते ओतलं गेलं पाहिजे. फाउंडेशन ड्रॉइंगवर मी खड्ड्याची खोली आणि पंपाची जागा लाल रेघेने दाखवतो.

हे मान्य असेल तर पीओची पेमेंटची अट बदलून शनिवार, 14 फेब्रुवारीपर्यंत पाठवावी. टक्केवारीत थोडं इकडेतिकडे करायचं असेल तर फोन करा, मी कागलला येतो. तिन्ही टप्प्यांचे निकष मात्र असेच लिखित राहावेत, एवढा आग्रह आहे.

आपला विश्वासू,
भागीदार, सँड प्लांट विभाग

सोबत: कमिशनिंग प्रमाणपत्राचा नमुना, बँक गॅरंटीचा मसुदा