आता उलटी धर

होळी होऊन आठवडा झाला असेल. धायरीत एका घराच्या दुसऱ्या मजल्याचं वीटकाम चालू होतं. दोन वर्षं मी मामांच्या हाताखाली बिगारी होतो: घमेलं उचल, विटा भिजव, माल कालव, संध्याकाळी भिंतीला पाणी मार. त्या दिवशी सकाळी मामांनी पिशवीतून ओळंबा काढला, दोरीचा पीळ सोडवला आणि माझ्या हातात दिला.

"आजपासून तू कोपरा उचलायचा. ह्यो तुजा."

मामा म्हणजे काही माझे सख्खे मामा नव्हेत. औशाकडचे, आमच्याच तालुक्यातले, म्हणून मामा. साइटवर सगळे त्यांना मिस्त्री म्हणायचे.

त्या क्षणी मला आनंद झाला, पण पोटात खड्डाही पडला. आदल्या संध्याकाळी हत्यारं गोळा करताना मामांची पाणसळ माझ्या हातून परांचीवरून खाली पडली होती. खाली विटांचे तुकडे होते. मी धावत जाऊन उचलली, शर्टानं पुसली. काच शाबूत होती, आतला बुडबुडा हलत होता. पिशवीत ठेवून दिली आणि कुणाला काही बोललो नाही.

बारा फुटी, नऊ इंची भिंत होती. एक कोपरा मामा उचलणार, दुसरा मी. दोन्ही कोपरे आधी वर न्यायचे, मग त्यांच्यामध्ये लाइनदोरी ताणून मधल्या विटा भरायच्या. म्हणजे कोपरा चुकला तर दोरी चुकते आणि दोरी चुकली तर अख्खी भिंत चुकते. हे मी दोन वर्षं बघत होतो, पण कोपऱ्यापाशी स्वतः थापी घेऊन बसलो तेव्हा त्याचा अर्थ कळला.

ओळंब्यात फार काही नसतं. वर एक लाकडी ठोकळा, त्यातून आरपार दोरी, खाली पितळी गोळा. ठोकळ्याची रुंदी आणि गोळ्याची जाडी बरोबर सारखी. ठोकळा भिंतीच्या वरच्या थराला टेकवायचा आणि गोळा खाली सोडायचा. भिंत सरळ असेल तर गोळा तिला लागतो न लागतो असा येऊन थांबतो. गोळा आणि भिंत यांत फट दिसली तर भिंत वरून बाहेर आलीय. गोळा भिंतीवर रेलून बसला तर ती आत गेलीय.

"रेलला का लागला, ह्ये कळाया वेळ लागतो," मामा म्हणाले. "गोळा बोटानं जरा लांब ने अन् सोड. तीनदा. तीनही बारीला त्याच जागी आला तर खरं."

ते दाखवून मामा आपल्या कोपऱ्याकडे गेले आणि मी कामाला लागलो. खरं सांगायचं तर मला वाटत होतं, आपली नजर तयार आहे. दोन वर्षं सरळ भिंतीच बघितल्या होत्या. मालाचा थर पसरला, वीट बसवली, थापीच्या दांड्यानं दोन ठोके, पुढची वीट. मावशी घमेली आणून देत होत्या आणि माझा हात थांबत नव्हता. सांधामोड नीट होत होती, खालच्या सांध्यावर वरची वीट बरोबर येत होती. सहा थर झाले आणि मान तिरकी करून बघितलं. एकदम सरळ.

मग ओळंबा सोडला.

वाऱ्यानं गोळा झुलायला लागला. दुपारच्या आधीपासूनच सिंहगडाच्या बाजूनं वारा सुटला होता. माझा हात थरथरत होता ते वेगळंच. मामा लांबूनच ओरडले, "अंगाचा आडोसा कर! न्हायतर बादली लाव!" मावशींनी पाण्याची अर्धी बादली आणून भिंतीच्या पायाशी ठेवली. मी दोरी थोडी खाली सोडून गोळा पाण्यात बुडवला. पाण्यात त्याचं झुलणं चटकन थांबलं. मग अलगद वर घेतला आणि बघितलं.

गोळा आणि खालचा थर यांच्या मध्ये पेन्सिल जाईल एवढी फट.

पुन्हा केलं. तीच फट. ठोकळ्याच्या तोंडाला माल चिकटलाय का ते बघितलं, नखानं खरवडलं, पुन्हा लावला. तीच फट. प्रत्येक थरात वीट केसभर बाहेर गेली होती. एकेक वीट बघितली तर काहीच चुकलेलं दिसत नव्हतं. वीटकामाचा उभेपणा तीन मीटर उंचीला सहा मिलिमीटरपेक्षा जास्त सुटता कामा नये असं भारतीय मानकात लिहिलेलं आहे, हे मला पुढे एका साइटवरच्या इंजिनियरनी दाखवलं. माझा कोपरा तर अर्धा मीटरही झाला नव्हता आणि अख्ख्या मजल्याची सवलत खाऊन बसला होता.

मी थापी उलटी धरून वरची वीट आत ठोकायला लागलो. मामा तिथूनच उठून आले आणि माझं मनगट धरलं.

"माल धरलाय. आता ठोकलास तर वीट सरकंल, पण मालाला सोडंल. वरनं सरळ दिसंल, आतनं सुटी. काढ."

"किती?"

"जिथं ओळंबा सुटला तिथवर."

पाच थर काढले. विटा खरवडून पुन्हा भिजवायला टाकल्या. मावशींनी न बोलता खरवडायला मदत केली. त्यांच्याकडे बघायची मला हिंमत होत नव्हती. दुसऱ्यांदा मी प्रत्येक थराला ओळंबा लावला, कोपऱ्याच्या दोन्ही अंगांनी. एका अंगानं सरळ असलेला कोपरा दुसऱ्या अंगानं कलंडलेला असू शकतो, हे त्या दिवशी डोळ्यांनी बघितलं. सकाळी सहा थरांना जेवढा वेळ लागला होता, तेवढ्यात आता दोन झाले.

जेवायला आम्ही जिन्याखाली सावलीत बसलो. ज्वारीची भाकरी, शेंगदाण्याची चटणी, कांदा. मला घास उतरत नव्हता. मामांना वाटलं, भिंत काढावी लागली म्हणून.

"किल्लारी ठाऊक हाय ना तुला?"

आमच्याकडच्या कुणाला ठाऊक नसणार? ३० सप्टेंबर १९९३. अनंत चतुर्दशीला गणपती बोळवून माणसं झोपली आणि चारच्या आत धरणी हलली. मी तेव्हा जन्मलोही नव्हतो, पण घरात दिवसाची खूण सांगताना आजही 'भूकंपाच्या आधी' आणि 'भूकंपाच्या नंतर' असंच म्हणतात. मामा तेव्हा चौदा वर्षांचे होते. त्यांच्या घरातलं कोण राहिलं आणि कोण गेलं हे मी वडिलांकडून ऐकलेलं होतं. त्यांनी स्वतः कधी सांगितलं नव्हतं आणि त्या दिवशीही सांगितलं नाही. भिंतींबद्दल मात्र बोलले.

"आमच्या घराची भिंत अडीच फूट रुंद. दगड-मातीची. बाहेरनं बघितली तर ओळंब्यात. माज्या आज्यानं उचलली हुती, वाकडी कशी आसंल? पण आतून त्या दोन भिंती हुत्या. बाहेरचा पदर एक, आतला पदर एक, मधी माती अन् बारका दगड. दोन्हीला धरून ठिवणारा लांब दगडच न्हाई. वर माळवदाचं वझं. हललं तसं दोन्ही पदर फाकले."

त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला, पण खाल्ला नाही.

"म्हणून थरात आडवी वीट आली का न्हाई ते बघत जा. दोन्ही तोंडं धरती ती. ओळंबा तेवढं न्हाई सांगत."

मग आम्ही उठलो. पाणसळ सांगून टाकावी असं मला तेव्हाच वाटलं होतं. तोंडापर्यंत आलं आणि मी पाणी प्यायला गेलो.

दुपारी मामांनी पाणसळ मागवली. नाव पाणसळ, पण आत पाणी नसतं, स्पिरिट असतं. ती नळी किंचित कमानदार असते, म्हणून बुडबुडा नेहमी सगळ्यात उंच जागा धरतो. एक बाजू वर असेल तर तिकडे पळतो, दोन्ही सारख्या असतील तर मधल्या दोन रेघांत उभा राहतो. मामांनी सहा फुटी ॲल्युमिनियमची पट्टी आपल्या थरावर ठेवली, तिच्यावर पाणसळ. बुडबुडा बरोबर मध्ये.

"दिसतंय?"

"हो."

"आता उलटी धर."

"म्हणजे?"

"ह्या टोकाचं त्या टोकाला. पट्टी हलवू नगं, पाणसळ फिरव. भिंत तीच, पट्टी तीच. पाणसळ खरी आसंल तर बुडबुडा हुता तिथंच थांबंल."

मी फिरवली. बुडबुडा रेघ ओलांडून बाजूला गेला.

मामांनी वाकून बघितलं. माझ्या हातातून घेऊन स्वतः फिरवली. पुन्हा फिरवली. एका बाजूनं मध्ये, दुसऱ्या बाजूनं बाहेर.

"पडली का कुठं?"

मावशी मालाचं घमेलं घेऊन उभ्या होत्या. खाली कुणीतरी वाळू चाळत होतं, तेवढाच आवाज.

"मी पाडली. काल. परांचीवरनं."

मामा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग माझा ओळंबा उचलून त्यांनी मुद्दाम स्लॅबवर सोडला. गोळा खणकन आपटला. त्यांनी तो दोरीनं उचलून माझ्यासमोर धरला.

"ह्यो पडला तरी खोटा बोलत न्हाई. वजन अन् दोरी, बास. धरणी वढती, ह्यो लोंबतो. पाणसळीची नळी कारखान्यात बसवून देत्यात. ती हलली की आपल्याला कळत न्हाई. म्हणून पडली तर सांगायचं. लगेच."

"चुकलं माझं."

"सकाळी हातात घेतली तवा मी उलटून बघाया पाहिजे हुतं. रोज बघतो. आज तुजा पयला दिवस म्हणून गडबडीत राहिलं."

माळ्यावरून पाणीनळी काढली. पारदर्शक नळी, पाण्यानं भरलेली. आत हवेचा थेंब राहिला तर तीही फसवते, म्हणून मामांनी ती आधी उंच धरून सगळी हवा बाहेर घालवली. एक टोक त्यांच्या कोपऱ्याला, दुसरं माझ्याकडे. दोन्हीकडचं पाणी स्थिरावलं तसं मी पेन्सिलीनं खूण केली. माझा कोपरा खुणेला बरोबर होता, कारण दुसऱ्या खेपेला मी प्रत्येक थराची उंची खालच्या खुणेपासून टेपनं मोजत आलो होतो. मामांनी मात्र सकाळपासून पट्टी आणि पाणसळीवर थर नेले होते. दोन फुटांमागे मिलिमीटरभर फरक. पण बारा फुटांत त्याचे सहा झाले होते.

मामांनी टेप खिशात टाकला. आपल्या कोपऱ्यापुढे उकिडवे बसले आणि थापीचं टोक वरच्या विटेखाली घातलं.

"मामा, मधल्या थरात माल जरा जाड घेतला तर निघून जाईल की. आत दडून जाईल."

त्यांनी वीट उचलून माझ्याकडे दिली.

"धर. भिजवायला टाक."

दुसरी उचलली, तिसरी. सकाळपासूनचे चार थर. मी विटा घेत गेलो आणि मावशींनी रिकामं घमेलं माझ्या पायाशी सरकवलं.