भजनी मंडळाचा ग्रुप सिग्नल ॲपवर नेतोय, नक्की वाचा

सगळ्या काकू-मावशींना नमस्कार. "आहे ते काय वाईट आहे?" हे तुमचं म्हणणं समजतं. पण आता मंडळात नव्या बायकाही आल्यात, आणि इथे प्रत्येकीचा नंबर सगळ्यांना दिसतो. दोघींना अनोळखी फोनही येऊ लागलेत. सिग्नलवर ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलेला नाही, त्यांना तो दिसत नाही. ॲप फुकट आहे, जाहिराती नाहीत.

१. प्ले स्टोअर उघडा, वर Signal लिहा. निळं चिन्ह असलेलं ॲप घ्या.
२. आपला मोबाइल नंबर टाका. मेसेजने सहा आकडी कोड येईल, तो तिथे भरा. हा कोड कुणालाही सांगायचा नाही, मलासुद्धा नाही!
३. नाव लिहा, पिन ठरवा आणि वहीत टिपून ठेवा.
४. मी पाठवलेल्या लिंकवर बोट ठेवा, Request to join दाबा. मी लगेच आत घेते.

जुने अभंग आणि फोटो तिकडे जाणार नाहीत, म्हणून हा ग्रुप आषाढीपर्यंत राहील. अडलं तर गुरुवारी भजनाला फोन घेऊन या, शेजारी बसून करून देते.